दुसऱ्याच्या यशाची पोस्ट टाकताना कोणाला टॅग करता? (अनुभव धागा)

ओवी: ओळखीतल्या कुणाचं पुस्तक आलं, दुकान उघडलं, बक्षीस मिळालं की आपण आनंदाने पोस्ट टाकतो. एखादी मनापासूनची वाटते, तर एखादी दुसऱ्याच्या मांडवात स्वतःची पाटी लावल्यासारखी. फरक कशाने पडतो? आपबिती नको, काय करता आणि काय टाळता ते लिहा.

शाई: पुस्तकाचंच उदाहरण घेते. समजा मैत्रिणीचा पहिला कथासंग्रह आलाय. तिने स्वतः जाहीर करेपर्यंत एक अक्षरही टाकायचं नाही. आधीच मुखपृष्ठाचा फोटो टाकला तर तिची बातमी शिळी होते, आणि खरेदीची लिंक सुरू झालेली नसेल तर आलेला वाचक परत जातो. घोषणेनंतर दोन-तीन दिवसांनी टाकलेली पोस्ट जास्त कामाची. पहिल्या दिवशीचा अभिनंदनाचा पूर ओसरलेला असतो आणि तोवर एखादी कथा वाचूनही होते.

मजकूर चार-पाच ओळींचा पुरतो. पुस्तकाचं आणि तिचं नाव पहिल्याच ओळीत, कारण लांब पोस्टचा पुढचा भाग 'आणखी पहा' दाबल्याशिवाय दिसत नाही. मग वाचलेलं काहीतरी नेमकं: "तिसऱ्या कथेतली एसटी स्टँडवर रात्र काढणारी आजी डोक्यातून जात नाही." 'अप्रतिम, नक्की वाचा' यावरून वाचलंय की नाही तेच कळत नाही. शेवटी किंमत आणि कुठे मिळेल ते.

टॅग तीन: लेखिका, प्रकाशन आणि मुखपृष्ठ करणारा, जो हमखास राहून जातो. ज्याला टॅग करतोय त्याने या पुस्तकासाठी काय केलं, हे त्याच मजकुरात एका वाक्यात आलं पाहिजे. ते लिहिता येत नसेल तर टॅग काढा. नामवंत समीक्षकांना उगाच जोडलं की पोस्ट त्यांच्या नजरेत भरण्यासाठी आहे हे लगेच दिसतं, आणि अवघडते बिचारी लेखिका.

मुलूख: इन्स्टाग्रामवर एका फोटोत वीस जणांना टॅग करता येतं. मग करावं की! जितके टॅग तितके नवे लोक बघणार, फायदा तिचाच.

कढीपत्ता: वीसचा आकडा बरोबर, पुढचं नाही. टॅग आधी तपासण्याची सोय अनेकांनी चालू ठेवलेली असते. त्यांनी मान्य करेपर्यंत फोटो त्यांच्या प्रोफाइलवर दिसतच नाही, नुसती सूचना जाते. त्यापेक्षा स्टोरीत फक्त तिचा उल्लेख करा. तिला संदेश जातो आणि तिथूनच ती तुमची स्टोरी स्वतःच्या स्टोरीत घेऊ शकते. मात्र तुमचं खातं खासगी असेल तर तिला ते जमत नाही. फोटोवर तुमचा लोगो किंवा "आमच्याकडेही मिळेल" असं काही असेल तर ती घेणारही नाही.

रानवारा: फेसबुकवर मी 'फक्त मित्र' ठेवते, म्हणजे बाहेर जायचा प्रश्न नाही.

कढीपत्ता: टॅग केलंत की एरवी त्या व्यक्तीच्या मित्रांनाही पोस्ट दिसू शकते. नव्या नोकरीच्या अभिनंदनात हे महागात पडतं. जुन्या ऑफिसात राजीनामा दिलेला नसतो आणि साहेबांना बातमी तुमच्या पोस्टमधून कळते.

पाटीवाला: माझं किराणा दुकान दसऱ्याला उघडतंय. पन्नास जणांना टॅग करू का? बोलावणं तर पोचायला हवं.

ओवी: धागा दुसऱ्यांच्या यशाचा आहे, पण सांगते. बोलावणं प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर नाव घालून पाठवा. पोस्टमध्ये पाटी रंगवणारा, फळ्या करणारा सुतार अशांना टॅग करा, तेही विचारून. दुकानाला शुभेच्छा!

शाई: एक राहिलं. मजकूर लिहून झाला की 'मी' आणि 'माझा' मोजा. "मीच तिला लिही म्हणाले होते" हे वाक्य खरं असलं तरी काढा. ते तिला सांगावंसं वाटलं तर तिच्या पोस्टमध्ये येईल. खाली स्वतःच्या कार्यशाळेची लिंक तर नकोच. कुणी तुमच्या कामाबद्दल विचारलं तर त्याला वेगळा संदेश करा. आणि नामांकन म्हणजे पुरस्कार नव्हे, तपासून लिहा. चुकीची बातमी खोडून काढायची वेळ तिच्यावर येते.

रानवारा: पण आधी विचारायचं का? विचारलं की अचानक मिळणारा आनंद जातो.

कढीपत्ता: जे तिने स्वतः जाहीर केलंय, ते पुढे पाठवायला विचारायची गरज नाही. घरातला, मुलांचा, कार्यक्रमातला फोटो असेल तर विचारायलाच हवं.

शाई: मला हे पटत नाही. जाहीर असलं तरी टॅग करण्याआधी एक ओळ पाठवावी. काहींना त्या आठवड्यात सूचनाच नको असतात.

मुलूख: टॅग तीनवर आणतो. पण एकाच गल्लीतल्या, तोच माल विकणाऱ्या दुकानाला बक्षीस मिळालं तर? तिथे टॅग केलं की लोक म्हणणार, त्यांचं गिऱ्हाईक ओढतोय.

कढीपत्ता: तिथे मी त्यांच्याच पोस्टखाली दोन ओळी लिहीन, स्वतःच्या पानावर नाही.

शाई: मी मात्र स्वतःच्या पानावरच टाकेन. माझ्या गिऱ्हाइकांना त्यांचं दुकान कळलं तर त्यात त्यांचाच फायदा आहे.