कुत्र्याची छत्री मुलांना कळेल का? (फोटोतल्या चित्रकथेचे भाषांतर)

गिरणाकाठ (चाळीसगाव): आमच्या वाचनालयाच्या बालविभागातील भित्तिपत्रकासाठी मी एका इंग्रजी चित्रकथेच्या पानाचे भाषांतर करतो आहे. पान माझ्या भाचीने मोबाइलवर फोटो काढून पाठवले आहे. पहिल्या चौकटीत खिडकीशी उभी असलेली बायको म्हणते, ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज!’ दुसऱ्या चौकटीत नवरा उघडी छत्री घेऊन दारात उभा आहे, त्याच्या पायाशी कुरळ्या केसांचा भिजलेला कुत्रा आहे आणि नवरा म्हणतो, ‘आय नो. आय जस्ट स्टेप्ड इन अ पूडल!’ इंग्रजीत मुसळधार पावसाला ‘मांजरे-कुत्री पडत आहेत’ असे म्हणतात; त्यात डबके म्हणजे पडल आणि कुत्र्याची जात म्हणजे पूडल, यावर विनोद उभा आहे. मी ‘मुसळधार पाऊस पडतो आहे’ आणि ‘हो, माझा पाय आत्ताच पूडलमध्ये पडला’ असे लिहून पाहिले, पण आमच्या वाचनालयातले एकही मूल हसले नाही. नंतर मला अळंबीसाठी असलेला ‘कुत्र्याची छत्री’ हा शब्द आठवला, परंतु सहकारी म्हणतात की तो गावंढळ आहे आणि ‘भूछत्र’ लिहावे. आपल्या भागातील मुलांना ‘कुत्र्याची छत्री’ माहीत असते का, एवढाच माझा प्रश्न आहे.

पांझरापार (धुळे): दादा, ‘मुसळधार’ हा शब्द अगदी योग्य आहे, कारण मुसळाएवढ्या जाड धारा असा त्याचा अर्थ होतो आणि त्यावरही विनोद करता येईल. नवऱ्याने म्हणावे, ‘हो, एक मुसळ माझ्याही डोक्यात पडले.’ एवढ्यासाठी छत्रीपर्यंत जाण्याचे कारण मला दिसत नाही.

अक्षरजुळणी (जळगाव): पांझरापार यांचा विनोद कथाकथनात नक्की चालेल, पण चित्रकथेत चालणार नाही. फुग्यातील अक्षरे आपण पुसून पुन्हा लिहू शकतो. चित्र मात्र बदलता येत नाही. चित्रात मुसळ नाही, कुत्रा आहे, आणि वाचणारे मूल आधी चित्र पाहते व मग फुगा वाचते. त्यामुळे पायाशी कुत्रा का आहे, याचे उत्तर फुग्यातून मिळालेच पाहिजे. म्हणून भाषांतर करताना मी प्रथम चित्रातील हलवता न येणाऱ्या वस्तूंची यादी करतो. येथे त्या पाऊस, छत्री, कुत्रा आणि दार या आहेत. या चारांपैकी तीन गोष्टी मराठीतल्या ज्या शब्दप्रयोगात एकत्र येतात, तो गिरणाकाठ यांना सापडलेला आहेच.

दुसरी अडचण वाक्यरचनेची आहे. इंग्रजी वाक्याचा शेवटचा शब्द ‘पूडल’ आहे आणि हशा तेथेच पिकतो. मराठीत क्रियापद शेवटी जात असल्यामुळे ‘पूडलमध्ये पाय पडला’ यातील गंमत मध्येच सांडते व शेवटी नुसते ‘पडला’ उरते. म्हणून वाक्य असे हवे की ज्याच्या शेवटी कुत्रा येईल. माझा मसुदा असा आहे:

बायको: ‘काय हा पाऊस! अंगणभर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या असतील.’
नवरा: ‘एक मी घरी आणली आहे. कुत्र्यासकट!’

सातपुडा_शिवार (रावेर): मसुदा आवडला, परंतु बायको शेतकऱ्याच्या घरची दिसत नाही. पाऊस कोसळत असताना कुत्र्याच्या छत्र्या उगवत नाहीत; पाऊस थोडा उघडला की दुसऱ्या दिवशी सकाळी उकिरड्यावर आणि कुजलेल्या लाकडावर त्या दिसतात. बांधावर वाढलेल्या मुलाला ही चूक लगेच कळेल.

अक्षरजुळणी: ही हरकत मान्य आहे, आणि तिच्यामुळे मसुदा सुधारलाच. बायकोने म्हणावे, ‘उद्या अंगणभर कुत्र्याच्या छत्र्या उगवणार!’ त्यावर नवऱ्याने म्हणावे, ‘उद्या कशाला? एक आजच आणली आहे, कुत्र्यासकट!’ आता नवऱ्याच्या बोलण्याला धक्का मिळतो आणि बायकोचे वाक्य खरेही ठरते.

केळीचे_पान (भुसावळ): फोटोवरून भाषांतर करण्याचा त्रास मलाही झाला आहे. माझ्या मुलाने जपानी चित्रकथेच्या पानाचा फोटो आणला होता आणि मी नेहमीप्रमाणे डावीकडून उजवीकडे वाचत गेलो. प्रत्येक ठिकाणी उत्तर आधी व प्रश्न नंतर येत होता, आणि लेखक विक्षिप्त आहे असे मी चक्क ठरवून टाकले होते. ती पाने उजवीकडून डावीकडे वाचायची असतात हे मुलानेच सांगितले. आपल्या फोटोतही तसेच काही झाले नाही ना, हे पाहून घ्यावे.

गिरणाकाठ: नाही, हे पान इंग्रजी असल्यामुळे डावीकडूनच वाचायचे आहे. मात्र तिसऱ्या चौकटीतील एक फुगा पानाच्या शिवणीकडे वळून अर्धा दिसेनासा झाला आहे. तो बहुधा बायकोचा असावा, म्हणून तेथे मी ‘अगंबाई!’ असे लिहिले आहे.

अक्षरजुळणी: तेथे अंदाज करू नये. त्या फुग्याचे शेपूट पाहा. सलग टोकदार शेपूट ज्याच्या तोंडाकडे जाते, तो बोलत असतो. शेपटाऐवजी लहान लहान होत गेलेली वर्तुळे असतील, तर ते मनातले बोल असतात.

गिरणाकाठ: वर्तुळे आहेत आणि ती कुत्र्याकडे जातात. मी लाजलो.

अक्षरजुळणी: लाजू नका, मीही एकदा असाच फसलो आहे. पान काचेखाली दाबून, खिडकीच्या उजेडात आणि अगदी वरून पुन्हा फोटो मागवा. तोपर्यंत तो फुगा रिकामा ठेवा, कारण कुत्र्याचे मनोगत हाच कदाचित पानाचा शेवटचा विनोद असेल. एक गोष्ट आणखी सांगतो. इंग्रजी चित्रकथांत बहुधा सगळी अक्षरे मोठी असतात आणि ज्या शब्दावर जोर द्यायचा तो जाड, तिरपा काढतात. देवनागरीत मोठी-लहान अक्षरे नाहीत आणि हाताने काढलेले तिरपे अक्षर अनेकदा घसरल्यासारखे दिसते. तो जोर मी ‘च’, ‘की’ किंवा शब्दांच्या क्रमाने देतो. ‘आजच’मधला ‘च’ त्यासाठीच आहे. शिवाय वेलांट्या आणि उकार यांना वर-खाली जागा लागते, त्यामुळे इंग्रजीच्या तीन ओळींच्या फुग्यात आपल्या दोनच ओळी नीट बसतात.

पांझरापार: मूळ प्रश्नाकडे वळायचे तर ‘कुत्र्याची छत्री’ हा शब्द हिंदीतील ‘कुकुरमुत्ता’वरून आलेला आहे. म्हणजे तो मराठी नव्हेच. भूछत्र हा संस्कृतातून आलेला शुद्ध शब्द असताना उसना शब्द भिंतीवर का लावावा?

सातपुडा_शिवार: कुकुरमुत्त्यात कुत्रा आहे, पण दुसरा भाग मुताचा आहे, छत्रीचा नाही. इंग्रजांनी ‘टोडस्टूल’ म्हणून तीच वस्तू बेडकाच्या तिवईला जोडली. प्रत्येकाने आपापल्या उकिरड्यावर जे दिसले त्यावरून नाव ठेवले असावे, असे माझे मत आहे.

अक्षरजुळणी: व्युत्पत्ती कोणतीही असो, ‘भूछत्र’ लिहिले की कुत्रा चित्रात अनाथ होतो. येथे शब्दाची शुद्धता विनोदाच्या मुळावर येते.

केळीचे_पान: संवाद अहिराणीत का करू नयेत? ‘पानी पडी ऱ्हायनं’ असे बायकोने म्हटले की मुले लगेच हसतील.

सातपुडा_शिवार: आमच्याकडे रावेर-यावलला घराघरांतून लेवा गणबोली बोलतात, अहिराणी नव्हे. बहिणाबाईंची बोली कोणती यावरचा वाद अजून मिटलेला नाही, तो भित्तिपत्रकावर आणू नये. आणि मुले बोलीला हसली, तर ती विनोदाला हसली असे कसे म्हणायचे?

केळीचे_पान: मुले आपल्याच घरातली भाषा भिंतीवर पाहून हसतील, त्यात कमीपणा कोणता?

पांझरापार: दारातल्या चित्रावर ‘स्प्लॅश’ असे मोठे अक्षर काढलेले असेल, त्याचे काय करणार? मी ‘छपाक’ सुचवतो.

सातपुडा_शिवार: डबक्यात पाय गेला तर ‘पचाक’. ‘छपाक’ हे खोल पाण्याचे.

गिरणाकाठ: अक्षर आहे खरे, पण ते कुत्र्याच्या शेपटीवरून गेले आहे आणि ते पुसले तर शेपटी नव्याने काढावी लागेल. नवा फोटो रविवारी येईल. मुलांना ‘कुत्र्याची छत्री’ कळते का, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.