मदत हवी आहे: वारसनोंदीत आईचं नाव नाही, वकिलांची पहिली भेट

सातारा जिल्ह्यात आजोबांची दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. ते 2014 मध्ये वारले, मृत्युपत्र नाही. वारस फेरफारात फक्त दोन मामांची नावं लागली. आईने हक्कसोडपत्रावर सही केलेली नाही. आता मोठे मामा जमीन विकायला निघालेत. तलाठी म्हणाले, प्रांतांकडे अपील करा. पण 60 दिवसांची मुदत केव्हाच उलटली.

शनिवारी वकिलांची अर्ध्या तासाची वेळ घेतली आहे. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, आजोबांचा मृत्यूदाखला आणि आईचा शाळेचा दाखला हाताशी आहे. आजोबांच्या नावाचा जुना सातबारा अजून मिळालेला नाही. (आईला भांडण नको, हिस्सा हवा.)

विलंबमाफी मागून अपील करावं, की थेट वाटपाचा दावा आणि विक्रीला मनाई? आणि जुन्या उताऱ्यासाठी भेट पुढे ढकलावी का?