मदत हवी आहे: फेलोशिपच्या निवेदनात पर्यायी योजना कशी मांडावी?

छोट्या शहरातल्या बातमीदारांसाठीच्या फेलोशिपला 500 शब्दांचं निवेदन लिहिते आहे. ‘ग्रामीण पाणीटंचाई’ हा विषय झाला, प्रकल्प नव्हे. म्हणून प्रश्न एवढाच ठेवलाय: कागदावरच्या टँकरच्या खेपा गावात खरंच पोचतात का? 6 गावं, 4 महिने, शेवटी 2 बातम्या.

पडताळणी लॉगबुकवरून. समजा, भरण्याची विहीर गावापासून 20 किलोमीटरवर आहे आणि एकाच टँकरच्या नावावर दिवसाला 9 खेपा आहेत. जाऊन-येऊन 360 किलोमीटर झाले. भरणं-ओतणं धरलं तर हे दिवसात बसणं अवघडच. पण तेवढ्यावर आरोप करता येत नाही, कारण टँकर जवळच्या दुसऱ्या विहिरीवर भरलेला असू शकतो. त्यासाठी ओडोमीटरच्या नोंदी आणि गावकऱ्यांनी ठेवलेली तारीखवार वही ताडून पाहायची.

अडलंय ते इथे: लॉगबुकं उशिरा मिळाली किंवा मिळालीच नाहीत तर? 2 गावांत सलग 14 दिवस उभं राहून खेपा मोजणं हा पर्याय निवड समितीला पुरेसा वाटेल, की नमुना तोकडा ठरेल? बोलणाऱ्या ड्रायव्हरचं नाव गुप्त ठेवण्याची पद्धतही निवेदनातच लिहावी का? असे अर्ज तपासलेल्यांनी कृपया सांगावं.