वजन आईकडून आलं, मग डब्याचं काय?

मुलुंडची_सून: आई, मावशी, मी, तिघीही जाड. नवरा रोज स्टेशनवर दोन वडापाव हाणतो, तरी काटकुळा. वजन ७० टक्के आनुवंशिक असतं असं वाचलं. म्हणजे माझ्या ८० किलोंतले ५६ माझ्या हातात नाहीतच ना? मग डाएटचा छळ कशाला?

चाळकरी: सबबी सगळ्या! आजोबा परळला गिरणीत साच्यावर उभे असायचे, चाळीत पोट सुटलेला माणूस शोधावा लागे. त्यांचीच जनुकं माझ्यात, आणि माझा पट्टा शेवटच्या भोकावर. दोन पिढ्यांत जनुकं बदलतात होय? तोंडावर ताबा ठेवा, बस्स.

शिवडीकर: आजोबांचं पटलं, ताब्याचं नाही. कॅनडात क्वेबेकमध्ये संशोधक क्लोद बुशार यांनी एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्या महिनोन्महिने देखरेखीखाली ठेवल्या आणि आठवड्यातले सहा दिवस रोज १००० कॅलरी जास्तीच्या खाऊ घातल्या. १९९० साली निकाल छापून आला. जास्तीचं अन्न सगळ्यांना सारखंच, तरी कुणी ४ किलोंनी वाढला, कुणी १३. आणि एका जोडीतले दोघे बरेचसे सारखे वाढले. इथे तोंडावरच्या ताब्याचा प्रश्नच नव्हता. पण वाढले सगळेच, हेही विसरू नका.

सूनबाई, ते ७० टक्के किलोंचे नव्हेत. एका काळात, साधारण एकाच तऱ्हेने जगणाऱ्या माणसांच्या वजनात जो फरक दिसतो, त्यातला जनुकांचा वाटा तो. एकट्या माणसाचे किलो त्यावरून वाटता येत नाहीत. आणि सगळ्यांचंच खाणं-चालणं बदललं, तर सगळ्यांचंच वजन सरकतं. चाळकऱ्यांचा पट्टा त्यातलाच.

पार्ले_पूर्व: आधी थायरॉईड तपासा! माझं त्यानेच वाढलं होतं. गोळी सुरू केली, दोन किलो उतरले. बाकीचे दहा मात्र अजून आहेत, ते कुणाचे देव जाणे.

मुलुंडची_सून: थायरॉईड नॉर्मल आहे हो. माझ्या हातात काय, ते सांगा.

शिवडीकर: काट्यावरचा आकडा थोडासाच. पण चेन्नईला मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर प्रयोग झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला रोजचं चालणं, तेल-साखर-भात कमी, एवढंच नेटाने करायला लावलं. तीन वर्षांत वजन जवळपास हललं नाही. मधुमेह मात्र, असं काही नेटाने करायला न लावलेल्यांपेक्षा २८ टक्क्यांनी कमी जणांना झाला. म्हणून मी माझ्या बहिणीला काट्याऐवजी टेप दिली. बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली की साखर तपासायची.

चाळकरी: म्हणजे वजन तसंच राहिलं तरी चालेल? गुडघ्यांना विचारा एकदा.

शिवडीकर: गुडघ्यांचं खरं आहे. तिथे किलोच मोजावे लागतात.

मुलुंडची_सून: टेप घेते. पण मी रात्री नऊला घरी पोचते आणि आमच्या फुटपाथवर बाइक उभ्या असतात. चालू कुठे?

चाळकरी: जिने आहेत की.

मुलुंडची_सून: चाळकरी, गुडघ्यांची काळजी आत्ता तुम्हीच करत होतात ना?