समितीने पत्रे ‘बसवली’ की ‘बसवले’?

नवा सचिव, मालाड: मी सोसायटीच्या फलकावर लिहिले होते, ‘समितीने गच्चीवर पत्रे बसवली आहेत आणि सभासदांना तशी पत्रे पाठवले आहेत.’ कोणीतरी लाल शाईने दोन्ही क्रियापदे खोडली. समिती स्त्रीलिंगी म्हणून ‘बसवली’, सभासद अनेक म्हणून ‘पाठवले’. यात चुकले काय?

गिरगावकर: लाल शाई माझी नव्हे, पण मीही तेच केले असते. समितीला ‘ने’ लागला त्याच क्षणी तिचा क्रियापदावरचा हक्क संपला, आणि ‘सभासदांना’ या शब्दाला तर तो कधी नव्हताच. ज्याला काहीही चिकटलेले नाही तो शब्द शोधा. दोन्हीकडे तो ‘पत्रे’ हाच आहे. आता त्याचे एकवचन करून पाहा. गच्चीवर चढतो तो पत्रा, म्हणून ‘हे पत्रे बसवले’. टपालाने येते ते पत्र, म्हणून ‘ही पत्रे पाठवली’. आपण नेमकी अदलाबदल केलीत. ‘समिती पत्रे बसवेल’ असे लिहिले असते, तर समितीला ‘ने’ नसल्यामुळे क्रियापद तिच्यामागे गेले असते आणि हा घोळ झालाच नसता.

बोरिवलीचा रहिवासी: मूळ प्रश्न निराळाच आहे. पत्रे बसवण्याआधी समितीने सभेची परवानगी घेतले होते का? आमच्याकडे विचारलेही नाही, आणि आता पावसात वरच्या मजल्यावर झोप लागत नाही.

गिरगावकर: परवानगी ‘घेतली’. बाकीचे आपल्या समितीला विचारा.

दादरच्या बाई: मी अनेक वर्षे दहावीला मराठी शिकवले आहे. भूतकाळात कर्म असेल तर क्रियापद कर्माच्याच मागे जाते. मुलांना एवढे एक वाक्य पाठ असले की पुरते.

गिरगावकर: मग ‘मी लोकलमध्ये छत्री विसरलो’ याचे काय करायचे? छत्री स्त्रीलिंगी असूनही कोणी पुरुष ‘मी छत्री विसरली’ म्हणत नाही. ‘मी’ला ‘ने’ लागत नसल्यामुळे येथे खूण दिसत नाही; म्हणून ‘मी’च्या जागी तिसरा माणूस बसवावा. ‘तो छत्री विसरला’ असे होते, ‘त्याने’ होत नाही, म्हणजे क्रियापद माणसामागे जाते. ‘मी पत्रे बसवले’ याचे मात्र ‘त्याने पत्रे बसवले’ असेच होते. ‘तो धडा शिकला’ हेही पहिल्याच घरातले आहे, पण हल्ली हिंदीच्या वाऱ्याने ‘त्याने धडा शिकला’ सर्रास ऐकू येते.

दादरच्या बाई: विसरणे आणि शिकणे हे अपवाद मान्य. पण आमच्या घरी ‘तो पाणी प्यायला’ आणि ‘त्याने पाणी प्यायले’ दोन्ही बोलतात. तेथे आपली परीक्षा काय सांगते?

गिरगावकर: दोन्ही चालतात असेच सांगते. सगळ्या कुलपांना एकच किल्ली लागेल असे मी म्हटले नव्हते.

ठाकूरद्वारचे आजोबा: सचिवाला दोष देऊ नका. १९६२च्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढून टाकले, त्याची ही फळे आहेत. मी शाळेत असताना ‘पत्रें पाठविलीं’ आणि ‘पत्रे बसविले’ असे लिहीत असू. टिंब दिसले की नपुंसकलिंग समजायचे. आता ‘केले’ म्हणजे एक काम की अनेक पत्रे, हे लिहिणाऱ्याने ओळखायचे तरी कशावरून?

दादरच्या बाई: पुढच्या ‘आहे’ आणि ‘आहेत’वरून ओळखावे. एक काम ‘केले आहे’, अनेक पत्रे सरळ ‘केले आहेत’. आणि ते टिंब कोठे द्यायचे यासाठी मुलांना आधी लिंग ठाऊक असावेच लागे. ठाऊक नसलेला मुलगा टिंब गाळून छडी खात असे. माझ्या थोरल्या भावाने खाल्ली आहे. टिंब लिंग शिकवीत नव्हते, फक्त तपासत होते.

ठाकूरद्वारचे आजोबा: तपासत होते, हे तरी आपल्या तोंडून निघाले! आज बोलताना तुम्ही ‘पत्रं पाठवली’ म्हणता आणि लिहिताना ‘पत्रे’. कानाला कळणारा फरक कागदावरून पुसला तो आम्ही नव्हे.

गिरगावकर: आजोबांचा हा मुद्दा नाइलाजाने मान्य करावा लागतो. मोठ्याने ‘पत्रं’ म्हणता येते की नाही हे पाहिले तर सचिवांना उत्तर जागच्या जागी मिळाले असते. छपराच्या पत्र्यांना ‘पत्रं’ कोणी म्हणत नाही. मात्र सूचनेत ‘पत्रे’च लिहावे.

नवा सचिव, मालाड: सुधारून लावले: ‘समितीने गच्चीवर पत्रे बसवले आहेत आणि सभासदांना तशी पत्रे पाठवली आहेत.’ लाल शाईवाल्यांचे समाधान झाले असावे. पुढची सूचना पाण्याच्या नव्या मीटरांची आहे. ते ‘बसवले’ की ‘बसवली’?

गिरगावकर: तो मीटर, म्हणून ‘बसवले’.

दादरच्या बाई: आमच्याकडे ते मीटर आहे, म्हणून ‘बसवली’.

ठाकूरद्वारचे आजोबा: आता येथे टिंबही नाही आणि ‘पत्रं’ही नाही. बसा भांडत.