तळणीचं उरलेलं तेल किती वेळा वापरायचं?

राजारामपुरीकर सून: परवा एक लिटर शेंगतेलात चकल्या तळल्या, पाऊण लिटर उरलंय. सासूबाई म्हणतात, 'भजी करूया, मग मासे.' किती वेळा चालतं हे?

पेठेतला वडेवाला: तीनदा, विषय संपला. सरकारी सल्लाही तेवढाच आहे.

अप्पा, निवृत्त: तीन हा आकडा घरच्यासाठी वरची हद्द आहे, हक्क नव्हे. सल्ला तर शक्यतो टाळाच असा. तेल खराब होतं ते उष्णतेनं, पाण्यानं आणि जळक्या चुऱ्यानं. चकलीनं त्यातल्या त्यात कमी बिघडतं. भज्यात बेसन सुटतं, ते तळाशी जळत राहतं. माशांचं तेल तर पुन्हा कशालाच नको, वासही जात नाही. म्हणून ताई, भजी करा, पण तिथंच थांबा. मासे ताज्या तेलात, तेही थोड्याच.

पेठेतला वडेवाला: मी रोज संध्याकाळी कढईत ताजं तेल ओततो. रंग फिका होतो, वडा झकास. कुणाला काय झालं?

अप्पा, निवृत्त: रंग फिका होतो, बिघाड तसाच राहतो. जुनं तेल नव्यालाही लवकर नासवतं. तेल तापून बिघडतं तसे त्यात पोलर कंपाउंड नावाचे घटक वाढतात. नियमात ते 25 टक्क्यांवर गेले की तेल बाद, 2018 पासून. ते डोळ्यांना दिसत नाही, मोजायला यंत्र लागतं. आणि रोज 50 लिटरच्या वर तेल लागत असेल तर नोंदवहीही ठेवावी लागते.

पेठेतला वडेवाला: आमचं एवढं कुठलं, पाच लिटर!

रंकाळ्याची मावशी: मी तर ते तेल देवाच्या दिव्याला वापरते. वात काजळते फार. काय करू?

राजारामपुरीकर सून: मावशी, मी खाण्याचं विचारतेय हो. अप्पा, गाळायचं कसं?

अप्पा, निवृत्त: गॅस बंद केल्यावर लगेच नको. कोमट होऊ द्या, तोवर चुरा तळाला बसतो. वरचं तेल हलक्या हातानं, कोरड्या मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. तळाचं दोन बोटं तेल ओतूच नका, सगळा काळा गाळ तिथंच असतो. कापड ओलं नको. मग स्टीलच्या डब्यात काठोकाठ भरून घट्ट झाकण लावा, कपाटात अंधारात ठेवा. लोखंडी कढईत तसंच ठेवलं की लवकर खवटतं. आणि गाळण्यानं फक्त चुरा जातो, बिघडलेलं तेल सुधारत नाही.

रंकाळ्याची मावशी: आणि खराब झालं कसं ओळखायचं? माझं नेहमीच काळं दिसतं.

अप्पा, निवृत्त: नुसत्या रंगावर जाऊ नका, हळद-तिखटानंही तेल काळवंडतं. वडा बाहेर काढल्यावर बघा. ताज्या तेलाचे मोठे बुडबुडे झटकन फुटतात. बिघडलेल्यात बारीक फेस तसाच तरंगतो, दुसरा घाणा टाकला की कढईच्या काठापर्यंत चढतो. झाऱ्यावरून तेल मधासारखं तार धरतं, आणि पूर्वी ज्या आचेवर काही होत नव्हतं त्याच आचेवर धूर निघतो. यातलं एकही दिसलं की टाका.

पेठेतला वडेवाला: फेस माझ्याकडे चौथ्या दिवशी येतो, खरं सांगायचं तर. पण रोज फेकलं तर वडा पंधराला द्यावा लागेल.

राजारामपुरीकर सून: भजी आज करते. माशांचं सासूबाईंना कसं सांगायचं तेवढं कुणीतरी सांगा.