मदत हवी आहे: वादाच्या नकाशातला ‘भीती’चा रकाना कसा भरावा?

विक्री आणि डिस्पॅच या गटांच्या वादात पडण्याआधी कुणाला काय हवंय, कशाची भीती आहे हे दाखवणारा त्या वादाचा नकाशा काढलाय. मधोमध मुद्दा, आरोप न वाटेल असा: ‘डिलिव्हरीची तारीख कशी ठरावी?’ भोवती प्रत्येक गटाच्या गरजा आणि भीती. विक्रीला ग्राहकाला ठाम तारीख द्यायचीय. भीती तोंडघशी पडण्याची. डिस्पॅचच्या रकान्यात मात्र ‘दोन दिवस आधी कळवा’ एवढंच आलंय. ही मागणी झाली, गरज नव्हे. ‘त्यानं काय साधेल?’ असं विचारल्यावर ‘कामाचं नियोजन’ ही गरज सापडली, पण भीती मॅनेजरसमोर कोण बोलणार! एकेकट्याला विचारावं की निनावी चिठ्ठ्या घ्याव्यात? शिवाय बिलिंगवाले भांडणात नाहीत, पण उशिराचा फटका त्यांनाही बसतो. त्यांना वेगळा रकाना द्यावा का?